आवाजापेक्षा वजनाचा काटा बघा: स्वरयंत्र सैल असलेल्या तान्ह्या बाळांबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

जन्मानंतर आठ-दहा दिवसांत काही बाळांचा श्वास वाजू लागतो. श्वास आत घेताना घर्र किंवा बारीक चिरकल्यासारखा आवाज येतो. बाळ रडले, अंगावर पिऊ लागले किंवा उताणे झोपले की तो वाढतो, शांत झाले की कमी होतो. घरचे म्हणतात कफ झालाय, छाती भरलीय. मग वाफारा, नेब्युलायझर, अँटिबायोटिकची बाटली, कुठे ओव्याची धुरी. आवाज तसाच राहतो, कारण छातीत कफ नसतोच. आवाज घशातून, स्वरयंत्रातून येतो. या दुखण्याला लॅरिंगोमलेशिया म्हणतात आणि तान्ह्या बाळांच्या अशा आवाजाचे ते सर्वांत नेहमीचे कारण आहे.

स्वरतंतूंच्या वरचा भाग या बाळांत सैल असतो. श्वास आत ओढला की हवेच्या ओढीने तो भागही आत खेचला जातो आणि वाट अडते. श्वास सोडताना तोच भाग बाहेर ढकलला जातो, म्हणून तेव्हा आवाज येत नाही. रडणे मात्र स्वच्छ असते, कारण स्वरतंतू ठीक असतात. म्हणूनच रडण्याचा आवाज घोगरा किंवा क्षीण असेल, किंवा श्वास आत घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा वाजत असेल, तर कारण दुसरे असू शकते. अशा बाळाला लॅरिंगोमलेशियाचे लेबल लावून घरी पाठवणे धोक्याचे आहे.

बहुतेक बाळांना शस्त्रक्रिया लागत नाही. आवाज पहिले काही महिने वाढतो, साधारण चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो आणि दीड-दोन वर्षांपर्यंत आपोआप जातो. आईला हे नीट समजावून सांगितले की निम्मी धावपळ थांबते. प्रश्न उरलेल्या बाळांचा आहे. दहातल्या एका-दोघांना शस्त्रक्रियेची गरज पडते आणि ती बाळे वेळेत ओळखायची कशी, यासाठीच हे पत्र.

आवाज किती मोठा आहे यावरून ती ओळखता येत नाहीत. धडधाकट बाळ जोराने श्वास ओढते म्हणून मोठा आवाज करते. दमलेल्या बाळाचा आवाज उलट कमी होतो आणि घरच्यांना वाटते, बरे वाटतेय. खरी खूण वजनात असते. वाट अडलेली असताना प्रत्येक श्वासाला ताकद खर्च होते आणि चोखणे, गिळणे, श्वास घेणे यांचा मेळ बसत नाही. बाळ दोन-चार घोट घेते, सोडते, धापा टाकते, पुन्हा धरते. पिण्यात मिळवलेले श्वासातच जाते.

एक उदाहरण घेऊ. बाळ २.९ किलोचे जन्मले, १४व्या दिवशी पुन्हा २.९ वर आले. आवाज दहाव्या दिवशी सुरू झालेला. २८व्या दिवशी वजन ३.३ किलो, म्हणजे १४ दिवसांत ४०० ग्रॅम, दिवसाला सुमारे २९ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते, म्हणून हे बाळ तोपर्यंत ठीक आहे. ४२व्या दिवशी वजन ३.४ किलो. आता १४ दिवसांत फक्त १०० ग्रॅम, दिवसाला ७. बाळ घसरलेले नाही, आकडा वाढलेलाच आहे, म्हणून नोंदवहीत कुणाच्या नजरेत भरणार नाही. पण दूध पाजायला आता पाऊण तास लागतो आणि मध्येच ठसका लागतो. या बाळाला त्याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञाने पाहायला हवे.

महोदय, ही सगळी माहिती आपल्या यंत्रणेकडे आधीच असते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जातात, श्वास मोजतात, वजन करतात. त्या भेटीत दोन प्रश्न वाढवावेत: श्वास आत घेताना आवाज येतो का, आणि पाजताना बाळ थांबून धापा टाकते का? उत्तर हो असेल तर मागच्या वजनाशी वजाबाकी करून दिवसाचा हिशेब कार्डावरच लिहावा.

काही खुणा दिसल्या तर वजनाची वाट पाहायची नाही. ओठ निळे पडणे, श्वास मध्येच थांबणे, बाळ शांत असतानाही बरगड्यांखालची आणि गळ्याच्या खळगीतली कातडी खोल आत ओढली जाणे, यांपैकी काहीही दिसले की त्याच दिवशी दवाखाना. महिनोन्महिने असेच चालू राहिले तर छातीचा मधला भाग आत जातो आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांवर ताण येऊन हृदयही दमू शकते.

निदान एक्स-रेने होत नाही. नाकातून जाणारी बारीक, लवचिक दुर्बीण लागते. बाळ जागे असताना, आईच्या मांडीवर, भूल न देता दोन-तीन मिनिटांत स्वरयंत्र हलताना दिसते. हलताना दिसणे हेच महत्त्वाचे, म्हणून भूल नको. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तान्ह्या बाळाच्या नाकातून जाईल अशी एक दुर्बीण आणि ती हाताळायला शिकलेला एक डॉक्टर हवा. मोठ्यांसाठीची जाड दुर्बीण इथे चालत नाही.

शस्त्रक्रिया मात्र जिल्ह्यात करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वरयंत्राच्या झाकणाच्या बाजूच्या आखूड, ताणलेल्या घड्या कापायच्या असतात, लोंबणारे जास्तीचे आवरण थोडे छाटायचे असते. कापणे साध्या बारीक कात्रीनेही होते, महागडा लेसर नसला तरी अडत नाही. अवघड असते ती भूल, कारण बाळाचा श्वास चालू ठेवून अडलेल्या वाटेतच काम करायचे असते. खालच्या श्वासनलिकेत दुसरा दोष नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे लागते. जास्त छाटले तर व्रण आकसून वाट कायमची अरुंद होते किंवा दूध श्वासनलिकेत जाऊ लागते. म्हणून लहान बाळांना भूल देणारे तज्ज्ञ आणि बालअतिदक्षता कक्ष असलेली मोजकी वैद्यकीय महाविद्यालये ठरवावीत, कोणता जिल्हा कोणाकडे पाठवेल ते लेखी जाहीर करावे. मेंदूचा किंवा स्नायूंचा आजार असलेल्या बाळांत शस्त्रक्रियेचा गुण कमी येतो, हे पालकांना आधीच सांगायला हवे.

घरी काय करावे, हेही आशाताईंच्या पुस्तिकेत यावे. बाळाला थोडे उभे धरून पाजावे, मध्ये थांबावे, ढेकर काढावी. पालथे घातले की आवाज कमी होतो, पण झोपवायचे उताणेच, कारण पालथ्या झोपेत अचानक मृत्यूचा धोका असतो. धुरी बंद, घरात विडी-सिगारेट बंद. उलट्या फार होत असतील तर डॉक्टर आम्लाचे औषध देतील, ते स्वतःहून सुरू करू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयाचे दोष अशा जन्मजात दोषांची तपासणी होते. वाजणारा श्वास त्या ठरावीक यादीत नाही. केंद्राची यादी बदलेपर्यंत राज्याने आपल्या आदेशाने तो घरभेटीच्या कार्डावर आणावा आणि दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी वाढ असलेले असे प्रत्येक बाळ सात दिवसांत दुर्बिणीपर्यंत पोचावे, अशी आमची विनंती आहे.

आपले,
तान्ह्या बाळांच्या श्वासमार्गावर काम करणारे काही बालरोग आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ