हॉलतिकिटावरचा फोटो आणि पर्यवेक्षकाची नजर

माननीय मुख्यमंत्री महोदय,

सरळसेवा भरतीत डमी उमेदवार बसू नये म्हणून अर्जातला फोटो आणि परीक्षा केंद्रावर काढलेला फोटो शेजारी शेजारी धरून कुणीतरी ठरवतं, हा तोच की दुसरा. नीट पाहिलं की कळतंच, असं आपण सगळे धरून चालतो. ओळखीच्या माणसाबाबत ते खरं आहे, अनोळखी माणसाबाबत नाही.

२०१४ साली सिडनीतल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. समोर माणूस उभा, हातात फोटो. फोटो दुसऱ्याचा असतानाही १४ टक्के वेळा त्यांनी तो मान्य केला आणि खरा असताना ६ टक्के वेळा नाकारला. वर्षानुवर्षं हेच काम करणारे नवख्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. हेच प्रमाण आपल्याकडे लावून पाहा. हजार उमेदवारांत पाच तोतये असले तर चारेक सापडतील, पण त्यांच्यासोबत साठेक प्रामाणिक मुलंही अडकतील.

ती का अडकतात? अर्जातला फोटो स्टुडिओतला असतो: लांबून काढलेला, त्वचा गुळगुळीत केलेली, तीळ पुसलेला आणि अपलोडच्या मर्यादेत बसवायला दाबलेला. केंद्रावरचा फोटो हातभर अंतरावरून, डोक्यावर ट्यूबलाइट. जवळून काढल्यामुळे नाक मोठं दिसतं आणि कान मागे सरकल्यासारखे दिसतात. वरच्या उजेडाने डोळ्यांखाली खड्डे पडतात. मग कुणी पट्टी घेऊन नाकाची रुंदी मोजू लागतं. पण अंतर आणि मानेचा कल बदलला की ही मापंही बदलतात, म्हणून न्यायवैद्यक क्षेत्रातले जाणकार अशा मोजणीवर विसंबत नाहीत.

ते अवयवागणिक तुलना करतात. कानाची पाळी सुटी की चिकटलेली, भुवईतला व्रण, केसांची कपाळावरची रेषा. प्रत्येक फरकाला एकच प्रश्न: हा उजेड, कोन, वय किंवा फोटोची प्रत यांमुळे पडू शकतो का? फोटो दाबल्याने उमटलेला ठिपकाही तिळासारखा दिसतो, हे लक्षात ठेवावं लागतं. आणि कितीही साम्य सापडलं तरी तेवढ्यावर ‘तोच’ म्हणता येत नाही. सख्खे भाऊ असतातच की!

म्हणून मागणी अशी. केंद्रावरचा फोटो दीडेक मीटरवरून, समोरून उजेड घेऊन, कान दिसतील असा काढावा आणि मूळ फाइल जपावी. शंका आल्यास दोघांनी एकमेकांचं मत न पाहता नोंद करावी. तक्त्यात ‘तोच’ आणि ‘दुसरा’ यांखेरीज ‘सांगता येत नाही’ हा रकाना असावा, आणि तो भरला म्हणून कुणाला जाब विचारू नये. नुसत्या फोटोवरून कुणाला परीक्षेतून उठवू नये. त्याला पेपर लिहू द्यावा, बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचा नमुना घ्यावा, निकाल मात्र पडताळणी होईपर्यंत राखून ठेवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त पर्यवेक्षक