दादरच्या छत्रीवाल्या काकांना

ती. छत्रीवाले काका यांना,
सा. न. वि. वि.

ज्या गोष्टीपायी मी तुमचं डोकं खाल्लं, ती अखेर लिहून झाली. आधी गोष्टच वाचा, लांबलचक नाहीये.

पाऊस उघडला त्या दिवशी तो बसस्टॉपवर तिची वाट बघत उभा होता.
"तुमची छत्री."
"अहो, ठेवून घ्यायची. मोडकीच होती."
बस यायच्या आत पुन्हा भुरभुर लागली. तिने छत्री उघडली आणि सवयीने मूठ फिरवून मोडकी बाजू मागे घेतली.
पाठ कोरडी राहिली.

एवढीच. आम्ही लोक याला अलक म्हणतो, अतिलघुकथा. यातली शेवटची दोन वाक्यं तुमची आहेत. शब्द माझे असतील, पण तुमच्याकडे त्या दुपारी थांबले नसते तर ती सुचली नसती. त्याबद्दल हे जाहीर आभार.

तुमच्याकडे येण्याआधीचा खर्डा माझ्याकडे अजून आहे. त्यात तो हात जोडतो, ती हसते, दोघांचे डोळे भरून येतात आणि एका ओळीत 'माणुसकी' हा शब्दसुद्धा आहे. सगळं होतं, फक्त छत्री नव्हती. म्हणजे नावाला होती, पण तिच्या जागी जेवणाचा डबा किंवा सुटे पैसे ठेवले असते तरी गोष्टीत काही बदललं नसतं. पाच ओळींच्या गोष्टीत एकच वस्तू असते आणि तीच बिनकामाची निघाली, तर उरतं ते नुसतं बोलणं. हे मला जाणवत होतं, उपाय मात्र सापडत नव्हता.

मी आले होते माझ्या तीनघडीच्या छत्रीसाठी. ती बघून तुम्ही जे तोंड केलंत ते लक्षात आहे. "तीनघडी आहे, सांध्यासांध्याला मोडते," असं म्हणून तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि आधी त्या आजोबांची काळी लांब छत्री हातात घेतलीत. मला घाई नव्हती. बाहेर एवढा पाऊस कोसळत होता की पुलाखालून कोणी हलत नव्हतं. म्हणून सहज विचारलं, जुनी छत्री आधी कुठे मोडते?

तुम्ही छत्री उघडून उलटी धरलीत आणि एका काडीवरून बोट फिरवत नेलंत. कापड ताणून धरणाऱ्या त्या आठ लांब काड्या आणि दांड्यावरच्या सरकत्या नळीपासून त्यांना खालून रेटा देणाऱ्या आठ आखूड काड्या. लांब काडी जिथे आखूड काडीला भेटते, तिथे तुमचं बोट थांबलं. काडी म्हणजे मला सरळ तार वाटायची. तुम्ही नखाने दाखवलंत तेव्हा कळलं की ती आतून पोकळ आहे, कौलाखालच्या पन्हळीसारखी. म्हणून ती हलकी असूनही वाकत नाही. (घरी जाऊन वाचलं. ही पन्हळीची पोलादी काडी सॅम्युएल फॉक्स नावाच्या इंग्रजाने 1852 साली काढली. त्याआधी काड्या देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्यांच्या किंवा वेताच्या असत आणि छत्री चांगलीच जड व्हायची.) पण सांध्यापाशी खिळा बसवायला त्याच काडीला भोक पाडावं लागतं. तिथे ती मुळातच कमी उरते. वर पन्हळीत पाणी साचतं, भोकाच्या कडेने गंज धरतो, आणि एखाद्या दिवशी वाऱ्याने छत्री उलटी झाली की काडी नेमकी तिथेच कटकन मोडते. मध्येही नाही, टोकालाही नाही.

"आणि मग लोक काय करतात?" मी विचारलं. मला वाटलं तुम्ही म्हणाल, दुरुस्तीला आणतात.

तुम्ही म्हणालात, "काही करत नाहीत. मागे करतात."

मला कळलं नाही. तेव्हा तुम्ही त्या मोडक्या काडीची छत्री उघडून डोक्यावर धरलीत. एका बाजूचं कापड लोंबून खाली आलं होतं. मोडकी काडी समोर असेल तर तोंडापुढे पडदा येतो, रस्ता दिसत नाही. बाजूला असेल तर सगळं पाणी त्या खांद्यावर उतरतं. म्हणून माणूस मूठ फिरवून ती बाजू पाठीमागे घेतो. पाठ भिजते, पण चालता येतं. लांब छत्रीच्या मुठीला आकडा असतो, त्यामुळे मोडकी बाजू कुठे आहे ते हाताला न बघता समजतं. "एक पावसाळा तसा काढला की हात आपोआप फिरतो. काडी बदलून दिली तरी महिनाभर फिरवतात," असं तुम्ही सांगितलंत आणि दोरा ओठात धरून पुन्हा कामाला लागलात.

काका, माझी गोष्ट तिथे झाली. आभार, हसू, पाणावलेले डोळे, काहीच लागत नव्हतं. त्याने काडी बदलून आणली हे तिला कळायला एक हाताची सवय आणि थोडासा पाऊस पुरेसा होता. आणि ते कळेपर्यंत तो बिचारा कदाचित निघूनही गेलेला असेल, म्हणून त्याने काही बोलायचीही गरज नव्हती.

मग मी सगळी गोष्ट तुम्हाला वाचून दाखवली, आणि तुम्ही पहिल्याच ओळीवर बोट ठेवलंत. माझ्या खर्ड्यात तो 'दुसऱ्या दिवशी सकाळी' छत्री परत करत होता. तुमचा प्रश्न साधा होता: "दुरुस्त कधी केली?" ओली छत्री तुम्ही हातात घेत नाही, कारण ओलं कापड वाळलं की त्याचा ताण बदलतो आणि टाका किती ओढायचा याचा अंदाज येत नाही. आधी ती अर्धवट उघडून सावलीत वाळवायची. मग मोडक्या काडीचे दोरे कापायचे, टोकाची टोपी उसवायची, वर टोपणाखाली आठही काड्या एका तारेत ओवलेल्या असतात ती तार सोडवायची, जुन्या छत्र्यांच्या ढिगातून तेवढ्याच लांबीची काडी शोधायची आणि सगळं उलट क्रमाने पुन्हा बांधायचं. लांबीत थोडा फरक पडला तरी कापड एका बाजूला ओढतं. शिवाय पावसाळ्यात तुमच्यापुढे रांग असतेच. म्हणजे भर पावसाच्या दिवसांत त्याने छत्री घेतली असेल, तर ती पाऊस उघडल्यावरच परत येणार. 'दुसऱ्या दिवशी' खोडून मी 'पाऊस उघडला त्या दिवशी' लिहिलं, आणि मधले सगळे दिवस त्याने काय केलं ते न लिहिताच त्यात आलं.

आणखी एक गोष्ट तुम्ही वाचवलीत. मुंबईच्या पावसाची गोष्ट म्हटली की आमचा हात 26 जुलैकडे जातो. मीसुद्धा तिकडेच निघाले होते. 2005 च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, रात्रभर माणसं रुळांवरून चालत होती, अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं. गोष्टीला याहून मोठा पाऊस कुठला मिळणार! तुम्ही मान हलवलीत. "त्या दिवशी छत्रीचं काय काम? लोक छातीएवढ्या पाण्यात. छत्री साध्या पावसाची वस्तू आहे." बरोबरच आहे. मग मी ती तारीख काढली आणि रोजचा बसस्टॉप आणला. लोकलच्या डब्यात छत्री उघडता येत नाही, आणि या शहरात नाव-पत्ता नसलेला माणूस पुन्हा सापडायची खात्रीची जागा म्हणजे रोज त्याच वेळची तीच बस. आपल्याकडे वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून माणसं अनोळखी राहतात, हे त्या स्टॉपने आयतंच सांगितलं.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. तुमचं म्हणणं होतं की शेवटी 'त्याने नवी काडी टाकून आणली होती' असं स्पष्ट लिहावं, नाहीतर कामाची किंमत कोणाला कळणार. तुमच्या बाजूने विचार केला तर ते खरंच आहे. पण ते वाक्य आलं असतं तर तिच्या हाताने केलेला शोध मी माझ्या तोंडाने सांगून टाकला असता. मी ते ठेवून वाचलं, काढून वाचलं, आणि काढलं.

त्याची किंमतही लगेच दिसली. गोष्ट वाचून एका मुलीने विचारलं, "पाठ कोरडी राहिली, मग? छत्रीत पाठ कोरडीच राहते ना?" तिने आयुष्यात बटण दाबून उघडणारी छत्रीच पाहिलेली असणार. ती मोडली की फेकून नवी घ्यायची, मागे फिरवायची वेळच येत नाही. तिला मी उत्तर द्यायच्या आत गिरगावातल्या एका काकूंनी लिहिलं, "काडी बदलली गं त्याने!" आणि खाली स्वतःच्या छत्रीची मोडकी बाजू कुठल्या हाताला आहे तेही सांगितलं. तेव्हा अर्धी हार माझी, अर्धी तुमची, असं धरून चालू.

हे पत्र छापून तुमच्या पेटीपाशी आणून देणार आहे. सप्टेंबर सरला की तुम्ही छत्र्या आवरून बॅगांच्या चेनी बसवायला घेता, म्हणून त्याआधीच येते. माझी छत्री तयार असेल तर ठीक, नसेल तरी घाई नाही. माझं नाव तुम्हाला माहीत नाही, आणि गिऱ्हाईक तुम्ही नावाने ओळखतही नाही, म्हणून तुमच्याच पद्धतीने सही करते.

आपली,
निळ्या पट्ट्यांची तीनघडी, खटका अडकलेली