तास मोजा, पण आधी ऐकून बघा

माननीय मंत्रिमहोदय,

अंध आणि अल्पदृष्टी प्रेक्षकांसाठी दृश्यवर्णन, म्हणजे पडद्यावर काय दिसतंय ते संवादांमधल्या फटीत सांगणारं निवेदन, सक्तीचं करण्याचा नियम आणताना तुमच्यासमोर पहिला प्रश्न 'किती तास?' हाच येईल. अमेरिकेत ठरावीक मोठ्या वाहिन्यांना दर तिमाहीला ८७.५ तासांचं बंधन आहे. आकडा ठरवावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी या निवेदनाच्या संहिता लिहितो, आणि नुसत्या तासांच्या हिशेबात काय सुटतं ते रोज पाहतो.

एक प्रसंग घ्या. बाई पत्र वाचते, घडी करते, गादीखाली सरकवते. दाराची कडी वाजते. नवरा विचारतो, "काय झालं?" ती म्हणते, "काही नाही." पत्र संपल्यापासून कडी वाजेपर्यंत चार सेकंद आहेत. सावकाश वाचलं तर त्यात आठ-नऊ शब्द मावतात, आणि वर्णन फक्त या फटीतच बसवायचं असतं.

घाईत लिहिणारा लिहितो, "ती अतिशय दुःखी होऊन नवऱ्यापासून पत्र लपवते." वाक्य फटीत बसतं, पण दोन घोटाळे करतं. नवरा अजून पडद्यावर आलेलाच नाही, म्हणजे डोळस प्रेक्षकाच्या आधी अंध प्रेक्षकाला उत्तर कळलं. आणि 'दुःखी' हा निवेदकाने परस्पर दिलेला निकाल झाला. ती घाबरली असेल, चिडलीही असेल. "ती पत्राची घडी करते. गादीखाली सरकवते." एवढं पुरतं. कडीच्या आत निवेदन संपलं पाहिजे, कारण तो आवाज ऐकूनच प्रेक्षकाला कळतं की कुणीतरी आलं. कडीवर शब्द चढले की पुढचं "काही नाही" पोकळ वाटतं. (खोलीच्या भिंतींचा रंग सांगायचा मोह इथे आवरावा लागतो, आणि तो फार होतो.)

हिशेबात दोन्ही वर्णनांची वेळ सारखीच भरते. फरक ओळखायचा एकच भरवशाचा मार्ग मला माहीत आहे: ध्वनिमुद्रणापूर्वी अंध परीक्षकाला संहिता दृश्याच्या मूळ आवाजासोबत वाचून दाखवायची. तो विचारतो, "कडी वाजली, तेव्हा पत्र हातात होतं की नव्हतं?" डोळस संपादकाला हा प्रश्न सुचत नाही, कारण त्याने चित्र पाहिलेलं असतं. म्हणून अशा परीक्षकाचं मानधन आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव, दोन्ही नियमातच असू द्या.

शिवाय तयार ध्वनिपट्टी प्रेक्षकापर्यंत पोचते का, तेही तपासा. पुष्कळदा ती भाषेच्या यादीत तीन-चार पायऱ्या आत असते आणि ती यादी बोलत नाही. मग डोळस माणूस शेजारी बसल्याशिवाय ती सुरूच करता येत नाही. रिमोटवरच्या एका बटणाने ती सुरू व्हावी आणि सुरू झाल्याचं आवाजातून कळावं, एवढं कलम मसुद्यात घाला. तपासणी पडदा झाकून करायला सांगा.

आपला,
एक दृश्यवर्णन-लेखक