दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, एका आमंत्रणासाठी

प्रिय काकू,

शनिवारी सगळे पांगल्यावर तुम्ही पायऱ्यांवर पडलेले कागदाचे कपटे वेचत होतात आणि माझं बोलायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र. सोसायटीतल्या सगळ्यांनी वाचावं असंही मला वाटतं, कारण त्या संध्याकाळी आपल्या पार्किंगमध्ये अकरा घरची माणसं जमली ती तुम्ही दुरुस्त करून दिलेल्या आमंत्रणामुळे.

मागच्या वर्षी मी लिहिलं होतं, "सायंकाळी आकाशकंदील बनवण्याचा कार्यक्रम. आपापले साहित्य आणावे. अल्पोपाहाराची सोय आहे." चार जण आले. डिंकाच्या बाटल्या पाच आणि कात्री एकच. लोकांना हौस नाही असं मी धरून चालले होते. या वर्षीचा मसुदा तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही विचारलंत, "साहित्य म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं काय आणायचं?" तो माणूस विचारायला लाजतो आणि घरीच बसतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग तुम्ही सांगत गेलात आणि मी लिहीत गेले:

"शनिवारी सहा वाजता खाली पार्किंगमध्ये कंदील करायला या. कामट्या, पतंगाचा कागद, सुतळी आणि खळ तयार असेल. घरात कात्री असेल तर तेवढी आणा, नसेल तरी या. करता येत नसेल तर कागद कापायला हात हवेतच. आठ वाजता तर्री-पोहे, नऊला आवरू. घरटी एक कंदील. येणार असाल तर गुरुवारपर्यंत फक्त घर नंबर कळवा, म्हणजे कामट्या मोजून आणता येतील."

त्या गुरुवारचं मोल मला नंतर कळलं. आपला कंदील सहा चौकोनांचा. चार चौकोन टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा बांधायचे, एक वर, एक खाली. म्हणजे एका कंदिलाला 24 कामट्या. अकरा घरांचे नंबर आले तेव्हा हिशेब झाला 264. तुम्ही म्हणालात, बुरडाकडून 300 घे, वाळकी कामटी गाठ आवळताना मोडतेच. बारा मोडल्या. कागद इतवारीतून आणला, तोही त्याच आकड्यावर, त्यामुळे कुणाला कमी पडला नाही.

पोहे आठला का, हेही मी तुम्हाला विचारलं होतं. मी सुरुवातीलाच द्यायचे म्हणत होते, म्हणजे लोक वेळेवर येतील. तुम्ही पतंगाच्या कागदाच्या एका तुकड्याला तेलाचं बोट लावून तो उजेडात धरलात. डाग आरपार दिसत होता. आत दिवा लागला की तोच सगळ्यात आधी डोळ्यांत भरणार. शिवाय खळीनं चिकटवलेला कागद ओला असताना कंदील उचलला तर कोपऱ्यात फाटतो, त्याला अर्धा तास तरी हात लावायचा नाही. तो अर्धा तास पोह्यांचा. चण्याची तर्री आणि वरून भरपूर सांबार घातलेले अडीच किलो पोहे तीस जणांत संपले, आणि कंदील तोवर वाळून ताणले गेले होते.

गच्चीऐवजी पार्किंग हाही तुमचाच आग्रह. ऑक्टोबरच्या उकाड्यात मला गच्ची बरी वाटत होती, पण वाऱ्यावर पतंगाचा कागद धरवत नाही, आणि पंखा लावला तरी तेच.

खळ मात्र माझ्या हातून एकदा बिघडली, ते इथं लिहून ठेवते. मी मैदा सरळ गरम पाण्यात टाकला आणि गुठळ्या झाल्या. वाटीभर मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, सगळं मिळून पाच-सहा वाट्या पाणी, आणि मंद आचेवर पांढरेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत हलवत राहायचं. ती त्याच दुपारी शिजवायची, दुसऱ्या दिवशी आंबट वास येतो.

काकू, तळमजल्यावरचे एकटे राहणारे काका मला म्हणाले, "'करता येत नसेल तर' असं लिहिलं होतं, म्हणून आलो." त्यांनी दोन तास नुसत्या झिरमिळ्या कापल्या, सगळ्या एका मापाच्या. दोन वर्षांत मी त्यांच्याशी लिफ्टमध्येसुद्धा बोलले नव्हते. या एका ओळीसाठी मी तुमची फार ऋणी आहे.

तुमचं खळीचं पातेलं घासून ठेवलंय. बरोबर 24 कामट्या उरल्यात. उद्या दुपारी दोन्ही घेऊन वर येते, चौकीदारांच्या खोलीसाठी एक करू या.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची