मॅडम, त्या डेंग्यूच्या रिफ्लेक्शनबद्दल थँक्यू

मॅडम, समोर बोलायला जमलं नसतं म्हणून इथेच लिहितेय, बाकीच्या रेसिडेंट्सनाही उपयोग होईल.

पोर्टफोलिओसाठी रिफ्लेक्शन म्हणून, म्हणजे केसमधून मी काय शिकले म्हणून, लिहिलेलं माझं पहिलं पान म्हणजे नुसती केस हिस्टरी होती. पावसाळ्यातला भरलेला वॉर्ड, विशीतला मुलगा, डेंग्यू, पाचव्या दिवशी ताप उतरला आणि नातेवाईक प्लेटलेट चढवा म्हणून मागे लागले. तुम्ही ते वाचून एवढंच विचारलंत, "हे तुला तेव्हा माहीत होतं की नंतर कळलं?"

आणि तिथेच सगळं उलगडलं. मी लिहिलं होतं, "सकाळी सहाला पेशंटचा प्लाझ्मा लीक होत होता." पण सहाला माझ्या हातात काय होतं? ताप नाही, बीपी 110/76, पोरगा उठून बसून चहा मागतोय. सहाला घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला नऊला, हिमॅटोक्रिट 48, ॲडमिशनच्या वेळी 40 होतं, म्हणजे सरळ 20 टक्के वाढ, तोवर बीपी 100/84 झालेलं, वरच्या-खालच्या आकड्यात फक्त 16 चा फरक आणि हात गार. मग सलाईन वाढवलं, आयसीयूला कळवलं, मुलगा सुधारला. तुम्ही पानाच्या मधोमध रेघ मारायला लावलीत, डावीकडे त्या-त्या वेळी हातात असलेलं, उजवीकडे नंतर कळलेलं. माझी अर्धी वाक्यं उजवीकडे गेली 😅

डावीकडे जे उरलं त्यात खरी गोष्ट दिसली. सहा ते नऊ माझा बहुतेक वेळ नातेवाईकांशी प्लेटलेटवरून बोलण्यात गेला होता. प्लेटलेट 38 हजार, कुठेही ब्लीडिंग नाही, म्हणजे चढवायची गरज नव्हती आणि मी ठाम राहिले, ते बरोबरच. पण त्यांचं सगळं लक्ष त्या एका आकड्यावर होतं, कारण ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तास जास्त सांभाळायचे असतात हे त्यांना आदल्या दिवशी कोणी सांगितलंच नव्हतं. हे वॉर्डच्या सिस्टिममधलं भोक होतं, आणि केस हिस्टरी लिहून ते कधीच दिसलं नसतं.

शेवटी मी "कम्युनिकेशन सुधारेन" असं लिहिलेलं, ते तुम्ही खोडलंत, म्हणालात हे कोणी तपासणार कसं? आता तिथे असंय: डेंग्यूचा ताप उतरायला लागला की त्याच राउंडला नातेवाईकांशी बोलायचं, बोलल्याची वेळ पेपरवर टाकायची, हिमॅटोक्रिट दर चार-सहा तासांनी, रिपोर्ट लॅबला फोन करून मागवायचा. बेड नंबर, तारीख, मुलगा राहतो तो भाग, सगळं तुम्ही काढायला लावलंत, कारण एवढ्यावरून आमच्या वॉर्डमधल्या कोणीही त्याला ओळखलं असतं.

"तुला काय वाटलं" हा भाग मात्र मला अजूनही ओढूनताणून लिहिल्यासारखा वाटतो, तिथे दोनच ओळी ठेवल्यात. त्यावर तुमच्याशी भांडायला येणारे, चहा माझ्याकडून.