दगड झालेलं मलम

चि. मिहिर,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत म्हणालास, "मलम दगड झालं, आणि पातेल्यातून जरा धूर पण आला." दगडाचं बघू. धुराचं ऐकून मला झोप लागली नाही.

आधी मलमाचं. 100 ग्रॅम तेलात 30 ग्रॅमची मेणाची अख्खी वडी टाकलीस, म्हणजे साधारण तिनास एक. एवढं मेण ओठांवर फिरवायच्या कांडीला चालतं. डबीतल्या मलमाला मेणाच्या चौपट तेल घेतलं की ते घट्ट बसतं, टाचांना बरं. पाचपट घेतलं की बोटाने सहज निघतं. सहा ते आठपट घेतलं तर मऊ, तुझ्या हाताच्या भेगांसाठी तसंच हवं. मोजायचं वजनकाट्यावर, चमच्याने नाही. किसलेलं मेण चमच्यात किती पोकळ बसतं ते तुला ठाऊक आहे.

टाकून देऊ नकोस. 30 ग्रॅम मेणाला सहापट म्हणजे 180 ग्रॅम तेल, म्हणून आणखी 80 ग्रॅम घाल. पण थेट गॅसवर नाही! खालच्या पातेल्यात पाणी, वर कोरडं भांडं, आच मंद. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, त्याला उकळत्या पाण्याची वाफ पुरते. गार तेल ओतलंस की मेणाच्या गुठळ्या होतील. घाबरू नकोस, ढवळत राहिलास की विरघळतील. मग थंड बशीवर एक थेंब टाकून दोन मिनिटांनी बोट फिरव. कडक वाटलं तर तेल घाल, ओघळलं तर मेण. डबीत भरल्यावर पूर्ण निवेपर्यंत झाकण लावू नकोस, नाहीतर वाफेचे थेंब आत पडतात.

तेलात मुरवलेली फुलं नीट कडकडीत वाळली होती ना? ओलसर फुलांचं पाणी तेलात उतरतं आणि बुरशी धरते. गाळताना तळाचा गढूळ घोट मागेच ठेवायचा. ताईच्या वेळी मी तोही ओतला होता, महिन्याभरात डबी आंबट वासाने फेकावी लागली.

बाबांच्या मनगटावरचा डाग तू लहानपणी "नकाशा" म्हणायचास. तो असल्याच पातेल्याचा. पातेलं पेटलं तर पाणी अजिबात टाकायचं नाही, भडका उडतो. गॅस बंद करून झाकण ठेवायचं. झालं, पुन्हा प्रवचन. माफ कर. एकट्याने, न विचारता फुलांचं तेल मुरवलंस हे मी शेजारी तीनदा सांगून आले.

फक्त वितळत असताना फोन उचलू नकोस. माझाही.

तुझी,
आई

ता. क. धुराचा वास आलेलं तेल खमंग लागलं तरी अंगाला लावू नकोस. ते पहिलं पातेलं तसं जळकं असेल तर वरचा सगळा हिशेब सोडून दे आणि नव्याने कर.