खिरीच्या काहिलींबद्दल आणि तुझ्या माणसांबद्दल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या वडिलांना आता बरे वाटत असल्याचे काल फोनवर कळले आणि मनावरचे ओझे उतरले. यात्रेच्या दुसऱ्याच रात्री तुला कोल्हापूरला परतावे लागले. मात्र तुझ्या तालमीची मुले आणि गल्लीतल्या काकी, मावशी सातही दिवस आमच्या गावात राहिल्या आणि त्यांनी अन्नछत्राची चूल एक वेळही थंड पडू दिली नाही. यात्रा समितीने शेवटच्या दिवशी त्यांना नारळ आणि टॉवेल देऊन आभार मानले, पण ते आभार फार घाईचे झाले. त्यांनी नेमके काय केले हे तुला सविस्तर सांगितल्याखेरीज मला स्वस्थ वाटणार नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे महाप्रसाद म्हटले की भात, आमटी, वांगी-बटाट्याची भाजी आणि खपली गव्हाची खीर हे ठरलेलेच असते. त्यातली आमटी, भाजी आमच्या गावातल्या आचाऱ्यांनाही जमते. खिरीची जबाबदारी मात्र तुझ्या माणसांनी घेतली, आणि सर्वांत जास्त कष्ट तिथेच होते. एका काहिलीत 25 किलो कांडून सडलेला गहू आणि सुमारे 30 किलो गूळ, म्हणजे साधारण हजार पाने होतात, असा त्यांचा हिशेब होता. आदल्या रात्री गहू भिजत घालायचा, पहाटे चारला चुलवण पेटवायचे आणि गहू बोटांत चिरडल्यावर मधला पांढरा कण उरत नाही तोवर तीन-साडेतीन तास तो नुसत्या पाण्यात शिजवायचा. पहिल्याच दिवशी पंगतीची घाई झाल्यामुळे आमच्यापैकी एकाने गूळ लवकर घालण्याचा आग्रह धरला होता. तेव्हा तुझ्या थोरल्या काकींनी त्याला शांतपणे समजावले की गूळ पडला की गव्हाचे मऊ होणे जवळजवळ थांबते, मग वर कितीही जाळ लावला तरी दाणा दाताखाली कचकच लागतो. त्यांनी आणखी अर्धा तास मागून घेतला आणि तेवढा वेळ पंगत थांबली. त्या दिवशी वाट पाहण्याचा निर्णय योग्य होता, हे खीर खाणाऱ्या प्रत्येकाला कळले.

मार्केट यार्डातून आणलेले गुळाचे रवे फोडून ते गरम पाण्यात विरघळवायचे आणि पातळ कापडातून गाळायचे, हे काम दोन मुले रोज न सांगता करत होती. त्या कापडावर चिपाडाचे तुकडे आणि बारीक खडे किती उरत होते, हे मी स्वतः पाहिले. ओले खोबरे चैत्रातल्या उन्हात दुपारपर्यंत टिकणार नाही म्हणून त्यांनी सुके खोबरे भाजून वापरले, आणि गुळाबरोबर उकळताना दूध फाटण्याची भीती असल्यामुळे ते वेगळे तापवून पानातच वरून वाढले.

आता पाचव्या दिवसाची गोष्ट सांगतो, कारण मुख्य आभार त्यासाठीच मानायचे आहेत. गूळ घातल्यावर खीर दाट होते आणि तेव्हाच ती बुडाला लागण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. आमच्या गावातल्या एका नवख्या मुलाने मदत करण्याच्या हेतूनेच दुसऱ्या काहिलीखाली एकाच बाजूला जाड लाकडे सारली. ढवळणाऱ्या मुलाला उलथणे एका जागी जड लागले आणि त्याने लगेच हाक मारली. वास अजून आलेला नव्हता. काकींनी पहिली गोष्ट केली ती ढवळणे बंद करायला लावण्याची, कारण खाली धरलेला थर एकदा खरवडला की करपलेली चव सगळ्या काहिलीभर पसरते आणि मग काहीच वाचवता येत नाही. लाकडे ओढून बाहेर काढली, आणि चार जणांनी बादल्यांनी वरची खीर अलगद काढून धुतलेल्या पातेल्यांत ओतली. खालचा चार बोटांचा थर त्यांनी तसाच सोडून दिला. मग तीन जणांनी प्रत्येक पातेल्यातली खीर वेगवेगळी चाखून पाहिली, आणि ज्या एका पातेल्याला किंचित धुराची चव होती ते बाजूला ठेवले. इतक्या गर्दीत ते पातेले पंगतीत नेले असते तरी कोणी बोलले नसते. तरीही त्यांनी ते नेले नाही, याचे मला फार मोल वाटते.

सुमारे दोनशे पानांची खीर कमी पडणार हे तेव्हाच स्पष्ट झाले. नव्याने खपली शिजवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी कोठीतला लापशीचा रवा तुपावर भाजला, तो अर्ध्या तासात शिजवला आणि मऊ झाल्यावर उरलेला गूळ घालून गोड लापशी केली. शेवटच्या पंगतीला ती वाढताना, खीर संपल्यामुळे आज लापशी आहे, असे त्यांनी प्रत्येक रांगेत मोकळेपणाने सांगितले. त्या नवख्या मुलाला मात्र कोणी एक शब्दही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी काकींनी त्यालाच जवळ बसवून काहिलीखाली जाळ चारी बाजूंनी सारखा कसा ठेवायचा ते दाखवले, आणि शेवटच्या दोन दिवसांचे चुलवण त्यानेच सांभाळले.

भाताबाबतही एक प्रसंग लिहायला हवा. चौथ्या रात्री वेळलेल्या भाताच्या दोन बुट्ट्या उरल्या. सकाळी कामकऱ्यांसाठी त्याला फोडणी द्यावी, असे आमच्या समितीतल्याच एका ज्येष्ठाने सुचवले, आणि अन्न वाया जाऊ नये ही त्यांची तळमळ खरी होती. तुझ्या चमूत नर्सिंग शिकणारी जी मुलगी आहे, तिने हात जोडून नकार दिला. तांदळातले काही जंतू शिजवूनही बीजरूपाने टिकतात, भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. भाताचा वास न बदलताही सकाळी लोकांना उलट्या होऊ शकतात, हे तिने इतक्या आदराने सांगितले की ते ज्येष्ठ स्वतःच भात हलवायला उठले. एकाच जनावराला फार भात घातला तर त्याचे पोट बिघडते, म्हणून तो रात्रीच सात-आठ गोठ्यांत थोडा थोडा वाटला. त्यानंतर सातव्या दिवसापर्यंत भात एकदम शिजवून ठेवला गेला नाही. बसलेल्या पंगतीची पाने मोजून पुढच्या पंगतीपुरतेच आधण ठेवले जाई. त्यामुळे चुलीवरच्या माणसांची दोन फेऱ्यांच्या मधली विश्रांती गेली, पण त्यांनी कुरकूर केली नाही.

वाढप्यांविषयी आणि भांडी घासणाऱ्या मावश्यांविषयी मी वेगळे लिहिणार नाही, कारण त्या सर्वांना भेटायला मी रविवारी स्वतः येतो आहे. तोपर्यंत काकींना, गूळ गाळणाऱ्या त्या दोघांना, हाक मारणाऱ्या मुलाला आणि त्या नर्सिंगच्या मुलीला हे पत्र तू वाचून दाखव, ही विनंती.

तुमच्या दोन्ही काहिली घासून ठेवल्या आहेत. करपलेल्या काहिलीचा थर दोन दिवस पाणी घालून भिजवल्यावर सुटला, बूड शाबूत आहे. एका उलथण्याला मात्र चीर गेली होती, म्हणून आमच्या सुताराने बाभळीचे तेवढ्याच लांबीचे नवे करून दिले आहे. ते काकींच्या हाताला बसते का ते पाहून, लागलेच तर दांडा तासून घेता येईल. सर्व सामान रविवारी सकाळी टेम्पोतून माझ्याबरोबरच आणतो.

वडिलांना माझा नमस्कार सांग.

तुझा मित्र